वंशसंहाराचा उद्देश सिद्ध कसा होतो: स्रेब्रेनित्साच्या निकालावरून पायरीपायरीने

वंशसंहाराचा प्रश्न हाती घेणारा नवखा माणूस सहसा आधी मृतांचा आकडा शोधतो. कायदा मात्र तिथून सुरुवात करत नाही. लाखभर माणसे मारली गेली तरी वंशसंहार सिद्ध होत नाही असे होऊ शकते, आणि काही हजारांच्या हत्येत तो सिद्ध झालेला आहे. फरक पडतो मारणाऱ्यांच्या उद्देशाने. उद्देशाचा कागद जवळजवळ कधीच सापडत नाही, म्हणून तो परिस्थितीवरून काढावा लागतो. हे अनुमान काढायचे कसे आणि ते कुठे फसते, हे इथे एकाच प्रकरणाच्या आधारे पाहू. ते प्रकरण म्हणजे जुलै 1995 मध्ये पूर्व बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात बोस्नियन सर्ब सैन्याने केलेली मुस्लिम पुरुषांची आणि मुलग्यांची हत्याकांडे.

पहिली पायरी: व्याख्येचे तीन तुकडे करा

व्याख्या 9 डिसेंबर 1948 रोजी संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या वंशसंहारविषयक कराराच्या दुसऱ्या कलमात आहे. पुढच्या प्रमुख न्यायाधिकरणांनी तीच जवळपास शब्दशः उचलली. तिचे तीन भाग होतात: कृत्य, गट आणि उद्देश.

कृत्ये पाच आहेत. गटातल्या माणसांना ठार मारणे; त्यांना गंभीर शारीरिक किंवा मानसिक इजा करणे; गटाचा शारीरिक विनाश व्हावा अशा बेताने जगण्याची परिस्थिती त्याच्यावर लादणे; गटात मुले जन्मू नयेत यासाठी उपाय योजणे; आणि गटातली मुले जबरदस्तीने दुसऱ्या गटाकडे सोपवणे. म्हणजे एकही माणूस न मारता वंशसंहार होऊ शकतो, निदान कायद्याच्या कागदावर तरी.

गट चारच प्रकारचे: राष्ट्रीय, वांशिक, वंशवर्णीय आणि धार्मिक. राजकीय पक्ष, आर्थिक वर्ग किंवा एखाद्या विचारसरणीचे लोक यात येत नाहीत. त्यांची कत्तल झाली तर ती 'मानवतेविरुद्धचा गुन्हा' ठरू शकते आणि त्याची शिक्षाही तितकीच जबर असते. एखादे प्रकरण वंशसंहाराच्या चौकटीत बसत नाही म्हणजे ते किरकोळ आहे, असा अर्थ काढणे ही या विषयातली सर्वांत जुनी गफलत आहे.

तिसरा भाग उद्देशाचा. त्या गटाचा, 'गट म्हणून', संपूर्ण किंवा अंशतः नाश करण्याचा उद्देश. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका वाक्यासाठी आहेत.

दुसरी पायरी: उद्देशाचे दोन थर आणि हेतू वेगळे ठेवा

आरोपीला दोन गोष्टी हव्या होत्या असे दाखवावे लागते. पहिली म्हणजे हातातले कृत्य: समोरच्या माणसाला मारायचेच होते, गोळी चुकून सुटलेली नव्हती. हा साध्या खुनातही लागणारा उद्देश. दुसरी गोष्ट त्याच्या वरची: त्या माणसाला मारून त्याचा गट नष्ट करायचा होता. या वरच्या थराला विशेष उद्देश म्हणतात. माणूस मारला जातो तो स्वतः काय करतो म्हणून नाही, तर तो त्या गटाचा आहे म्हणून. आणि खरे लक्ष्य तो नसून गट असतो.

हेतू, म्हणजे हे का करायचे होते, ही वेगळी बाब. कोणाला जमीन हवी असेल, कोणाला बढती, कोणाला सूड. असा खासगी हेतू असल्याने विशेष उद्देश पुसला जात नाही. बचावपक्ष नेहमी म्हणतो की आम्हाला फक्त तो प्रदेश हवा होता. त्याला उत्तर असे की प्रदेश हा हेतू झाला. तो मिळवण्यासाठी तुम्ही गट नष्ट करायचे ठरवलेत का, एवढाच प्रश्न आहे.

इथेच एक अवघड सीमारेषा येते. गटाला एखाद्या प्रदेशातून हाकलून लावण्याचा उद्देश आणि गट नष्ट करण्याचा उद्देश एक नव्हेत. हाकलणे हा गंभीर गुन्हा आहे, पण न्यायालये 'नाश' म्हणजे शारीरिक किंवा जैविक नाश असेच धरतात. भाषा, मशिदी, ग्रंथालये उद्ध्वस्त करणे हे स्वतः वंशसंहाराचे कृत्य नाही. मात्र माणसे मारली जात असतानाच त्यांची प्रार्थनास्थळेही पाडली जात असतील, तर ते उद्देशाचा पुरावा म्हणून जमेस धरले जाते. स्रेब्रेनित्सात घरे आणि मुख्य मशीद पाडली गेल्याचा उपयोग न्यायाधीशांनी असाच केला.

तिसरी पायरी: 'अंशतः' म्हणजे कोणता अंश ते ठरवा

हा भाग घाईत वगळला जातो आणि मग खटला इथेच कोसळतो. आरोपीच्या डोळ्यांसमोर नष्ट करण्यासाठी कोणता भाग होता ते आधी ठरवायचे, आणि तो भाग संपूर्ण गटाच्या मानाने भरीव होता का ते तपासायचे.

रादिस्लाव क्रिस्तिच या बोस्नियन सर्ब सेनाधिकाऱ्याच्या खटल्यात गट धरला गेला बोस्नियन मुस्लिमांचा, आणि भाग धरला गेला स्रेब्रेनित्साच्या मुस्लिमांचा. हे लोक सुमारे 40,000, म्हणजे साऱ्या बोस्नियन मुस्लिमांच्या तीन टक्क्यांहूनही थोडे कमी. नुसते टक्के पाहिले असते तर आरोप तिथेच संपला असता. पण माजी युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या अपील पीठाने 19 एप्रिल 2004 च्या निकालात आकड्याबरोबर इतर गोष्टी तोलल्या. सर्ब नेतृत्वाला हवा असलेला सलग प्रदेश या वस्तीमुळे तुटत होता. शिवाय सुरक्षा परिषदेने 1993 मध्ये हे गाव 'सुरक्षित क्षेत्र' जाहीर केले होते. तिथलेच लोक संपले तर बाकीच्या बोस्नियन मुस्लिमांना आपले काय होणार हे वेगळे सांगायची गरज उरत नव्हती. आरोपींचा हात पोहोचत होता तो या भागापुरता, हेही पाहिले गेले.

मृत किती, हा प्रश्न यात नाही हे लक्षात घ्या. भाग मोजायचा तो आरोपीच्या उद्देशातला, थडग्यांमधला नव्हे. उलट बाजूचे उदाहरण बोस्नियन सर्ब सैन्याचा प्रमुख रात्को म्लादिच याच्या खटल्यात आहे. 1992 मध्ये काही नगरपालिकांमध्ये प्रत्यक्ष गुन्हे करणाऱ्यांपैकी काहींचा तिथल्या बोस्नियन मुस्लिमांचा नाश करण्याचा उद्देश होता, असे न्यायाधीशांना बहुमताने वाटले. पण तो भाग पुरेसा भरीव नव्हता, म्हणून त्या घटनांसाठी वंशसंहाराचा आरोप सिद्ध झाला नाही. 2021 मध्ये अपिलातही हेच कायम राहिले. स्रेब्रेनित्सासाठी मात्र तो दोषी ठरला.

चौथी पायरी: विशेषणे बाजूला ठेवून तारखांनी तथ्ये मांडा

उद्देशाबद्दल एक शब्दही लिहायच्या आधी घटना क्रमाने मांडायच्या. 'क्रूर', 'नियोजित', 'पद्धतशीर' हे शब्द इथे निषिद्ध समजा. ते निष्कर्ष आहेत, तथ्ये नव्हेत.

मार्च 1995 मध्ये बोस्नियन सर्ब नेते रादोवान कराजिच यांच्या सहीने सातवा लष्करी निर्देश निघतो. स्रेब्रेनित्सा आणि जेपातल्या रहिवाशांना जगण्याची आशाच उरू नये अशी असह्य, असुरक्षित परिस्थिती निर्माण करा, असे त्यात म्हटलेले असते. 11 जुलैला गाव पडते. हजारो लोक शेजारच्या पोतोचारीतल्या संयुक्त राष्ट्रांच्या तळाकडे धावतात. बहुतेक पुरुष रात्रीच रांगेने जंगलातून बोस्नियन सरकारच्या ताब्यातल्या तुझला शहराच्या दिशेने निघतात. 12 आणि 13 जुलैला पोतोचारीत स्त्रिया, मुले आणि वृद्धांना बसगाड्यांत भरून बाहेर पाठवले जाते आणि पुरुषांना वेगळे काढले जाते. रांगेतले हजारो लोक पकडले जातात किंवा शरण येतात. 13 जुलैच्या संध्याकाळी क्राविट्साच्या गोदामात कोंडलेल्यांना मारले जाते. त्यानंतरच्या तीन दिवसांत ओराहोवात्स, पेत्कोव्ची, कोझलुक आणि ब्रान्येवोच्या शेतावर बंदी आणून गोळ्या घातल्या जातात. मारल्या गेलेल्या पुरुषांचा आणि मुलग्यांचा आकडा न्यायालयाने सात ते आठ हजारांच्या दरम्यान धरला. शरद ऋतूत थडगी यंत्रांनी उकरून प्रेते दूरवरच्या दुसऱ्या खड्ड्यांत हलवली गेली.

हे सिद्ध कशाने झाले? टिपलेल्या बिनतारी संभाषणांनी, वाचलेल्यांच्या साक्षींनी, द्राजेन एर्देमोविच या गोळ्या झाडणाऱ्या सैनिकाच्या कबुलीने, आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांनी आणि थडग्यांतल्या वस्तूंनी. कोझलुकचे पहिले थडगे एका बाटल्या भरण्याच्या कारखान्याच्या कचऱ्याजवळ होते. तिथल्या फुटक्या हिरव्या काचा दूरच्या दुसऱ्या थडग्यांत प्रेतांबरोबर सापडल्या आणि दोन जागा जोडल्या गेल्या. प्रेतांच्या डोळ्यांवर पट्ट्या आणि हातांना बांधलेल्या दोऱ्याही होत्या. 'हे लढाईत पडले' या दाव्याला त्या दोरीइतके सरळ उत्तर दुसरे नव्हते.

पाचवी पायरी: प्रत्येक तथ्यासमोर दुसरे स्पष्टीकरण लिहा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. फौजदारी खटल्यात परिस्थितीवरून काढलेला उद्देश तेव्हाच मान्य होतो, जेव्हा हाती असलेल्या पुराव्यातून निघणारा तो एकमेव वाजवी निष्कर्ष असतो. निव्वळ कल्पनेतल्या शक्यता सोडून द्यायच्या; पण पुराव्याला धरून असलेले दुसरे एखादे स्पष्टीकरण उभे राहत असेल, तर वंशसंहार सिद्ध झाला नाही. म्हणून आपल्या बाजूचे मुद्दे जमवत बसण्यापेक्षा समोरच्याची स्पष्टीकरणे आपणच मांडावीत आणि एकेक तपासावे.

पहिले स्पष्टीकरण: युद्धगुन्हेगार शोधण्यासाठी पुरुष वेगळे केले. हे वरकरणी पटण्यासारखे आहे. पुरुषांची छाननी करणे कायदेशीर असू शकते आणि सर्ब बाजूकडे संशयितांच्या याद्या होत्या. पण पोतोचारीत पुरुषांची ओळखपत्रे आणि सामान काढून घेतले गेले, ढीग रचला गेला आणि पुढे तो जाळला गेला. ज्याला गुन्हेगार ओळखायचे आहेत तो ओळखपत्र जाळत नाही. एका वस्तूच्या बारीक नोंदीने अख्खे स्पष्टीकरण कसे पडते, ते इथे दिसते.

दुसरे: हे शत्रूचे सैनिक होते, लष्करी धोका होता. पण मारलेल्यांत लहान मुलगे, म्हातारे आणि अपंग माणसेही होती. सैनिक कोण आणि नागरिक कोण हे पाहिलेच गेले नाही. आणि जे खरोखर सैनिक होते ते बंदी होते, निःशस्त्र होते. अदलाबदलीसाठी उपयोगी पडू शकणारे बंदी मारून लष्करी फायदा होत नव्हता.

तिसरे सर्वांत भारी आहे: नाशच करायचा असता तर स्त्रिया-मुलांना बसमध्ये बसवून का पाठवले? हाकलण्याचाच उद्देश होता असे यातून का म्हणू नये? नवखे लोक हे तथ्य टाळतात, कारण ते गैरसोयीचे आहे. अपील पीठाने ते टाळले नाही. त्या सुमारे 25,000 लोकांची बाहेर रवानगी संयुक्त राष्ट्रांच्या सैनिकांसमोर आणि जगाच्या नजरेखाली चालली होती. त्यांना मारणे लपवता आले नसते, त्यामुळे ते मारले न जाण्याचे कारण दयेखेरीज दुसरे असू शकत होते. शिवाय नाशाची सर्वांत कार्यक्षम पद्धत निवडलीच पाहिजे अशी कायद्याची अट नाही. आणि पुरुषांच्या हत्येबरोबर ठेवून पाहिली तर ही रवानगी उलट दिशेला बोट दाखवते. पितृसत्ताक समाजातले पुरुष संपले, उरलेले गाव सोडून पांगले, नवरे अधिकृतपणे बेपत्ता राहिल्याने अनेक स्त्रियांना पुन्हा लग्न करता येत नव्हते. तो समाज त्या जागी पुन्हा उभा राहण्याची शक्यता संपवली गेली, आणि हे करणाऱ्यांना ते ठाऊक होते.

सातव्या निर्देशाचे काय? मोह होतो की हाच मुख्य पुरावा धरावा. न्यायाधीशांनी तसे केले नाही. मार्चमध्ये योजना लोकांना हाकलण्याची होती आणि सगळ्या पुरुषांना मारण्याचा निर्णय 12-13 जुलैच्या सुमारास झाला, असे खटल्यात धरले गेले. उद्देशाला तारीख असते. दीर्घकाळची योजना असलीच पाहिजे असेही नाही. योजना हा गुन्ह्याचा घटक नाही. काही दिवसांतही उद्देश तयार होऊ शकतो. त्याउलट, एखादा जुना भयंकर कागद सापडला की मागची-पुढची सगळी कृत्ये त्याखाली ढकलू नयेत.

तथ्ये एकेकटी तपासली तरी शेवटचा निर्णय एकत्रित चित्रावर घ्यायचा असतो. ओळखपत्रे जाळण्याला काहीतरी किरकोळ कारण असू शकेल, थडगी हलवण्याला नुसते गुन्हा लपवणे हे कारण असू शकेल. पण मुलग्यांना आणि म्हाताऱ्यांनाही मारणे, बंद्यांना ठरावीक जागी नेऊन तोच क्रम पुन्हा पुन्हा करणे, हे सगळे मिळून दुसरे वाजवी स्पष्टीकरण उरत नाही. गोरान येलिसिच या दुसऱ्या एका आरोपीच्या खटल्यातल्या अपील निकालाने अशा परिस्थितींची एक ढोबळ यादी दिली आहे: एकंदर संदर्भ, त्याच गटाविरुद्धची इतर कृत्ये, अत्याचारांचे प्रमाण, बळी गटावरून निवडले जाणे, आणि पुनरावृत्ती. ती आठवणीसाठी ठेवा. तिच्यावर खुणा करून उत्तर निघत नाही.

सहावी पायरी: उद्देश नेमका कोणाचा, ते वेगळे विचारा

वंशसंहार झाला हे सिद्ध होणे आणि अमुक माणसाने तो केला हे सिद्ध होणे यांत बरेच अंतर आहे. क्रिस्तिच हा सर्ब सैन्याच्या द्रिना कोअर या विभागाचा उपप्रमुख, आणि त्याच दिवसांत प्रमुख झालेला. 2001 मध्ये त्याला वंशसंहारासह इतर गुन्ह्यांसाठी 46 वर्षांची शिक्षा झाली. अपिलात मात्र असे ठरले की मुख्यालयातल्या काही अधिकाऱ्यांचा विशेष उद्देश त्याला माहीत होता आणि आपल्या कोअरची माणसे व साधने त्या कामी वापरली जाऊ दिली. पण तो उद्देश त्याचा स्वतःचाही होता, एवढे पुराव्यातून निघत नाही. म्हणून तो वंशसंहाराला साहाय्य केल्याबद्दल दोषी ठरला आणि शिक्षा 35 वर्षांवर आली. माहीत असणे साहाय्यासाठी पुरते, मुख्य गुन्ह्यासाठी पुरत नाही. आपल्या टिपणात प्रत्येक आरोपीसाठी 'त्याला काय माहीत होते' आणि 'त्याला काय हवे होते' असे दोन वेगळे स्तंभ ठेवा. दुसरा स्तंभ पहिल्यातून आपोआप भरला जात नाही.

आरोपीची स्वतःची वाक्ये या दुसऱ्या स्तंभात सर्वांत वजनदार असतात आणि सर्वांत फसवीही. गोरान येलिसिच हा बोस्नियातल्या ब्रच्को शहराच्या लुका बंदिछावणीत स्वतःला 'सर्ब अॅडॉल्फ' म्हणवून घ्यायचा आणि मुस्लिमांना संपवायची भाषा उघड करायचा. तरी 1999 मध्ये त्याला वंशसंहारातून सोडले गेले, कारण तो मनमानीने मारायचा तसाच मनमानीने काहींना सोडूनही द्यायचा. अपील पीठाला हे कारण पटले नाही. या पुराव्यावर दोषसिद्धी होऊ शकली असती असे त्याने म्हटले, पण खटला पुन्हा चालवायला पाठवला नाही. इतर गुन्ह्यांसाठीची 40 वर्षांची शिक्षा कायम राहिली. तेव्हा वाक्य नोंदवताना कोण, कोणापुढे, कोणत्या अधिकाराने बोलला आणि त्यानंतर त्याच्या हाताखालच्यांनी काय केले, हेही नोंदवावे.

सातवी पायरी: कोणत्या न्यायालयाचा कोणता टप्पा, ते पाहा

एकाच पुराव्यावर दोन न्यायालये वेगळे बोलताना दिसली की लोक गोंधळतात. बहुतेक वेळा फरक टप्प्याचा असतो. सुदानचे तेव्हाचे अध्यक्ष ओमर अल-बशीर यांच्याविरुद्ध 4 मार्च 2009 रोजी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने अटक वॉरंट काढले, पण वंशसंहाराचा आरोप त्यात घेतला नाही, कारण तोच एकमेव वाजवी निष्कर्ष नाही असे पीठाला वाटले. फेब्रुवारी 2010 मध्ये अपील पीठाने ही चूक असल्याचे सांगितले: वॉरंटसाठी 'विश्वास ठेवायला वाजवी आधार' पुरतो, दोषसिद्धीचा निकष त्या टप्प्यावर लावायचा नाही. जुलै 2010 मध्ये दुसरे वॉरंट वंशसंहाराच्या आरोपासह निघाले. याचा अर्थ आरोप सिद्ध झाला असा मात्र नव्हता.

हेगचे आंतरराष्ट्रीय न्यायालय राष्ट्रांचे खटले ऐकते, व्यक्तींना तुरुंगात पाठवत नाही. तरी अंतिम निकालात त्याचाही निकष कडक आहे. बोस्नियाने सर्बियाविरुद्ध केलेल्या दाव्यात 26 फेब्रुवारी 2007 रोजी त्याने म्हटले की कृत्यांचा आकृतिबंध उद्देशाचा पुरावा व्हायचा असेल तर तो फक्त त्याच उद्देशाकडे बोट दाखवणारा हवा. देशभर प्रचंड हत्या झाल्याचे त्याने मान्य केले, वंशसंहार मात्र स्रेब्रेनित्सातच झाला असे ठरवले. सर्बियाने तो केला असे ठरले नाही. तो रोखण्याचे आणि दोषींना शासन करण्याचे कर्तव्य पाळले नाही, असे ठरले. हेच न्यायालय सुरुवातीला अंतरिम आदेश देते तेव्हा मात्र मुख्यतः मागितलेले हक्क सकृद्दर्शनी ग्राह्य आहेत का आणि त्यांना भरून न येणारी हानी होण्याचा धोका आहे का, हे पाहते. त्यामुळे अशा अंतरिम आदेशाची बातमी वाचून 'वंशसंहार झाला' किंवा 'झाला नाही' असे लिहू नये. त्या टप्प्यावर न्यायालयाने उद्देशाबद्दल निर्णय दिलेलाच नसतो.